रविवारनंतर सोमवारच का?

यंदाच्या पाडव्याला ठाण्यातली स्वागतयात्रा बघून आम्ही नौपाड्यात एका मित्राकडे श्रीखंड-पुरीला जमलो होतो. यात्रेत एका चित्ररथावर फलक होता: इंग्रजीतला ‘अवर’ हा आपल्या ‘अहोरात्र’ शब्दातून निघाला आणि सात वार ही वेदांनी जगाला दिलेली देणगी आहे. मित्राचे वडील अप्पा त्या फलकावर बेहद्द खूश होते. त्यांचा नातू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो ताटावरूनच म्हणाला, “अप्पा, वार ग्रीकांचे. आपण फक्त नावं बदलली.” त्यावर अप्पा उखडले, “अरे, वराहमिहिराने लिहून ठेवलंय!” अर्धा तास दोघं एकमेकांवर तुटून पडले आणि दोघांच्याही बोलण्यात ज्याच्यावरून भांडण चाललं होतं तो आठवडा कुठेच आला नाही. शेवटी मी विचारलं, “अप्पा, रविवारनंतर सोमवारच का येतो? बुधवार का नाही?” दोघंही गप्प झाले. ‘वार कोणाचे’ या वादातली माझी मुख्य तक्रार हीच आहे. मालकी सांगायला सगळे पुढे, पण सातबारा उघडून बघायला कोणी तयार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सात ग्रहांच्या नावांचे, या विशिष्ट क्रमाने येणारे वार वैदिक नाहीत. ही कल्पना भूमध्य समुद्राच्या काठी, बहुधा ग्रीक राजवटीतल्या इजिप्तमध्ये, इसवी सनापूर्वीच्या एक-दोन शतकांत जुळून आली आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आपल्याकडे पोचली. पण ‘आपण फक्त नावं बदलली’ हे नातवाचं वाक्यही तितकंच चुकीचं आहे. या दोन्ही गोष्टी ठरवायला ना अस्मिता लागते, ना आपल्याच लोकांबद्दलची तुच्छता. क्रमाकडे नीट पाहिलं आणि काही तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की पुरतं.

क्रम आधी घेऊ, कारण तो विचित्र आहे. आकाशात डोळ्यांना दिसणारे, ताऱ्यांमधून सरकणारे सात: सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह. तेजाप्रमाणे लावले तर सूर्य-चंद्रानंतर शुक्र यायला हवा. गतीप्रमाणे लावले तर सर्वांत मंद शनी, त्याला फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. मग गुरू, सुमारे बारा वर्षं; मंगळ, दोनाला थोडी कमी; मग सूर्य, एक वर्ष; त्याखाली शुक्र, बुध आणि शेवटी सत्तावीस दिवसांत फेरी मारणारा चंद्र. म्हणजे शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. यातल्या कुठल्याच क्रमातून रवि-सोम-मंगळ-बुध निघत नाही. नुसतं आकाशाकडे बघून कोणालाही आठवडा सुचणार नाही. मध्ये कोणीतरी काहीतरी गणित घातलेलं असणार.

ते गणित अप्पांच्याच खुंटीला टांगलेलं होतं. मी पंचांग काढून होऱ्यांचं कोष्टक उघडलं. ज्यांच्या घरी पंचांग आहे त्यांनी हे जरूर करून बघावं. रविवारच्या रकान्यात सूर्योदयाचा पहिला होरा रवीचा, मग शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ आणि पुन्हा रवी. म्हणजे वरचाच मंदाकडून शीघ्राकडे जाणारा क्रम, फक्त रवीपासून सुरू केलेला. दिवसाचे होरे चोवीस. सातांच्या तीन फेऱ्या झाल्या की एकवीस होतात, बाविसावा होरा पुन्हा रवीचा, तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा. पंचविसावा होरा म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, तो चंद्राचा. ज्या ग्रहाचा पहिला होरा त्याचाच तो दिवस, म्हणून रविवारनंतर सोमवार. सोमवारी बाविसावा चंद्र, तेविसावा शनी, चोविसावा गुरू, आणि दुसऱ्या सूर्योदयाला मंगळ. चोवीसला सातने भागलं की बाकी तीन उरते, म्हणून प्रत्येक दिवशी मूळ क्रमात तीन घरं पुढची उडी बसते. सात उड्यांत सगळे ग्रह एकेकदा येऊन जातात आणि आठव्या दिवशी आपण पुन्हा रवीवर. (आठवडा सात दिवसांचा असून नाव मात्र आठाचं, कारण आपण सोमवार ते सोमवार दोन्ही टोकं धरून मोजतो.) अप्पांनी चष्मा लावून, पेन्सिलीने टिंबं देत गुरुवारपर्यंत मोजलं. “अरे, येतंय की!” एवढंच म्हणाले.

आता या यंत्राचे सुटे भाग बघा. एक, सात ग्रहांना एका रांगेत बसवणं, आणि सूर्याला बरोबर मधोमध. हा मधला सूर्य महत्त्वाचा. प्लेटोच्या काळी ग्रीक लोक सूर्याला चंद्राच्या लगेच वर मानत. त्या रांगेने मोजलं तर शनिवारनंतर रविवार येतच नाही. सूर्याला मध्यभागी नेणारी मांडणी नंतरच्या काळात रूढ झाली. दोन, दिवसरात्रीचे चोवीस भाग, जे इजिप्तचे: दिवसाचे बारा, रात्रीचे बारा. तीन, प्रत्येक तासावर एकेका ग्रहाची सत्ता असते ही फलज्योतिषाची समजूत, आणि ग्रहांच्या असल्या अधिकारामागे बाबिलोनची शतकानुशतकांची नोंदवही. हे तिन्ही भाग एकाच बाजारात मिळतील असं ठिकाण म्हणजे ग्रीक-इजिप्शियन जग. पुरावाही तिकडचाच जुना आहे. इटलीतलं पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका भिंतीवर कोणीतरी ‘देवांचे दिवस’ असं शीर्षक देऊन ग्रीकमध्ये यादी खरवडून ठेवली आहे: शनी, सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. आपलेच वार, आपल्याच क्रमाने. इतिहासकार कॅसिअस डिओ तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रघात इजिप्शियनांचा असल्याचं सांगतो आणि वरचं तासांचं गणित जवळजवळ असंच मांडतो.

इथे अप्पांच्या बाजूचा पहिला बाण येतो, वराहमिहिराचा. तो बाण खोटा नाही. बृहज्जातकाच्या सुरुवातीलाच आहे: ‘होरेत्यहोरात्रविकल्पमेके वाञ्छन्ति पूर्वापरवर्णलोपात्’. ‘अहोरात्र’ शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरं गाळली की ‘होरा’ उरतो. पण श्लोकात एक छोटा शब्द आहे, ‘एके’. काही जण असं मानू इच्छितात, असं वराहमिहिर म्हणतो. स्वतःच्या नावावर त्याने ती व्युत्पत्ती घेतलेली नाही. त्याच ग्रंथात तो राशींना क्रिय, ताबुरि, जितुम, लेय अशी नावं देतो, जी ग्रीक नावांची सरळसरळ संस्कृत रूपं आहेत. बृहत्संहितेत तर यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात चांगलं रुजलं आहे आणि म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात, असा श्लोक तो देतो. ग्रीकमध्ये ‘होरा’ म्हणजे काळाचा भाग, ऋतू किंवा तास, आणि हा शब्द तिथे होमरपासून वापरात आहे. मग सहाव्या शतकातल्या ज्योतिषाला जे म्हणायला संकोच वाटला नाही, ते म्हणायला एकविसाव्या शतकात चित्ररथवाल्यांना का वाटावा?

दुसरा आक्षेप जास्त भारी आहे, आणि कबूल करतो, त्याने मला दोन दिवस झोपू दिलं नाही. त्या रात्री घरी आल्यावर मी एक कसोटी लावून पाहिली. आपलं जुनं कालमान होऱ्यांचं नाही, घटिकांचं. अहोरात्राच्या साठ घटिका. वार आपल्याकडेच जन्मले असते तर ते साठाच्या गणिताने जन्मले असते. साठला सातने भागून बाकी चार. शनीपासून त्याच रांगेने मोजलं तर सत्तावन्नावी घटिका शनीची, अठ्ठावन्नावी गुरूची, एकोणसाठावी मंगळाची, साठावी रवीची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली शुक्राची. शनिवारनंतर शुक्रवार! पुढे मोजत गेलो तर गुरुवार, बुधवार, मंगळवार. घटिकांनी आठवडा अचूक उलटा धावतो. मी विजयी मुद्रेने अप्पांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन: “अहो, शनीपासून खाली कशाला मोजता? चंद्रापासून वर मोजा ना.” मोजलं. चंद्र, बुध, शुक्र, रवी, मंगळ, गुरू, शनी. सत्तावन्नावी घटिका चंद्राची, अठ्ठावन्नावी बुधाची, एकोणसाठावी शुक्राची, साठावी रवीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळ. सोमवारनंतर मंगळवार. मग बुध, गुरू, शुक्र, सगळं जागच्या जागी. ऐंशीच्या घरातल्या माणसाने माझा पुरावा चहा पितापिता निकालात काढला होता.

म्हणजे नुसत्या अंकगणिताने हा वाद सुटत नाही, हे मान्य करायलाच हवं. सातच्या हिशेबात तीन पुढे जाणं आणि चार मागे येणं एकच असतं, त्यामुळे दोन्ही वाटा एकाच आठवड्याला जाऊन मिळतात. पण मग निवाडा कोण करणार? ज्यांनी हे गणित आपल्याकडे पहिल्यांदा लिहिलं तेच. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात दोन ओळींत विषय संपवला आहे: ‘सप्तैते होरेशाः शनैश्चराद्या यथाक्रमं शीघ्राः। शीघ्रक्रमाच्चतुर्था भवन्ति सूर्योदयाद् दिनपाः॥’ शनीपासून क्रमाने अधिकाधिक शीघ्र असे हे सात होऱ्यांचे स्वामी. त्या क्रमात दर चौथा तो सूर्योदयापासूनच्या दिवसाचा स्वामी. (स्वतःला धरून चौथा, म्हणजे तीन घरांची उडी, इथेही दोन्ही टोकं धरूनच मोजणी.) आर्यभट ‘घटिकेश’ म्हणत नाही, ‘होरेश’ म्हणतो, आणि सुरुवात शनीपासून करतो. सूर्यसिद्धान्तही होऱ्यांचे स्वामी शनीपासून खाली खाली मोजायला सांगतो. अप्पांच्या चंद्रापासून वर जाणाऱ्या क्रमाचीही तिथे नोंद आहे, पण तो महिन्यांच्या स्वामींसाठी. म्हणजे दोन्ही दिशा त्यांना ठाऊक होत्या आणि वारांसाठी त्यांनी जाणूनबुजून होऱ्यांची निवडली. घटिकांची वाट शक्य होती, पण त्या वाटेवर आपल्याच पूर्वजांची पावलं दिसत नाहीत. स्वतःच्या घरात साठ घटिकांचं घड्याळ असताना ज्यांना वार समजावण्यासाठी चोवीस भागांचं घड्याळ हाती घ्यावं लागलं, त्यांनी ते घड्याळ कुठून आणलं असेल?

तिसरा आक्षेप आम्हा ठाणेकरांना जवळचा. इथल्या खाडीच्या वरच्या अंगाला कल्याण, पलीकडे सोपारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या सफरवर्णनात दोन्ही बंदरांची नावं आहेत. कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी दान दिलेले खांब उभे आहेत. येणं-जाणं एवढं होतं, तर वार इथून तिकडे गेले नसतील कशावरून? प्रश्न रास्त आहे. पण मग निघण्यापूर्वी ते इथे कुठेतरी दिसायला हवेत. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरी आहे, वर नाशिक आहे. सातवाहनकाळाचे लेख या दोन ठिकाणी ढिगाने आहेत. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या प्रसिद्ध लेखाची सुरुवात बघा: वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं ‘संवछरे एकुनवीसे’, ‘गिम्हाण पखे बितीये’, ‘दिवसे तेरसे’. राज्यवर्ष एकोणिसावं, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. राजमाता एवढा मोठा लेख कोरवून घेते, मुलाचा पराक्रम ओळीमागून ओळी सांगते, तारीख नेमकी देते, आणि वार देत नाही. अशोकाच्या लेखांत तिष्य आणि पुनर्वसू नक्षत्रं आहेत, चतुर्दशी आहे, वार नाही. कोणी म्हणेल, सरकारी लेखांचा साचा ठरलेला असतो, त्यात वार लिहायची रीत नसेल. ठीक आहे, लेख बाजूला ठेवू. वेदांगज्योतिष तर कालगणनेचाच ग्रंथ. त्यात तिथी आहे, नक्षत्र आहे, अयन आहे, पाच वर्षांचं युग आहे, पण वार नाही. महाभारतात युद्धापूर्वीचे अपशकुन सांगताना कुठला ग्रह कुठल्या नक्षत्राला पीडतो आहे याचा पाढा वाचलेला आहे. तिथे एखादा ‘मंगळवार’ किती शोभला असता! तोही नाही. यज्ञकर्मात दिवसांचे गट होते, पण त्यातला ठळक गट ‘षडह’, सहा दिवसांचा. सातांचा, ग्रहांच्या नावाचा नव्हे.

आपल्याकडे वाराची पहिली पक्की, तपासून बघता येणारी नोंद मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण इथल्या स्तंभावर आहे. बुधगुप्ताचं राज्य, गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, आणि पुढे ‘सुरगुरोर्दिवसे’. देवांच्या गुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार. कोकणातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकात फ्लीटसाहेबांच्या गुप्तलेखसंग्रहासाठी अशा तिथींचं गणित करून दिलं. ही तिथी २१ जून ४८४ ला पडते, आणि त्या दिवशी खरोखरच गुरुवार होता. कोरणाऱ्याने वार ठोकून दिलेला नाही. पाँपेईची भिंत ७९ सालच्या आधीची, एरणचा स्तंभ ४८४ चा. मधली चारशे वर्षं रिकामी नसतील, वार आधीच येऊन लोकांत मुरत असतील. पण ते इथून निघून तिकडे गेले असं म्हणायला या चारशे वर्षांची दिशा उलटी करावी लागेल.

‘कलियुग शुक्रवारी सुरू झालं, म्हणजे पाच हजार वर्षांपूर्वी वार होते’ हा युक्तिवादही वारंवार कानावर येतो. त्यावर फार वेळ घालवायला नको. वारांचं चक्र एकदा हाती आलं की ते मागे कितीही फिरवता येतं. माझ्या फोनमधलं कॅलेंडर शिवपूर्वकाळातल्या तारखांचेही वार दाखवतं, म्हणून तेव्हा माझा फोन होता असं होत नाही.

आता नातवाकडे वळतो, कारण त्याची चूक जास्त फॅशनेबल आहे. ‘फक्त नावं बदलली’ म्हणताना तो जणू ग्रीकांनी सगळं एकट्याने केलं असं धरून चालतो. त्यांचे ग्रह बाबिलोनचे, तास इजिप्तचे. रोमनांनी ते ग्रीकांकडून घेतलं. इंग्रजांच्या पूर्वजांनी रोमन देव काढून स्वतःचे बसवले. गुरूच्या जागी थॉर आला आणि ‘थर्सडे’ झाला. यांना कोणी ‘फक्त नावं बदलली’ म्हणून हिणवतं का? शिवाय नाव बदलणं वाटतं तितकं सोपं काम नाही. ग्रीक झ्यूसचा दिवस बृहस्पतीचा करायचा तर दोन्ही नावं आकाशातल्या त्याच एका ठिपक्याची आहेत हे आधी नक्की माहीत हवं. आर्यभटाने तर आख्खी रीत एका आर्येत बसवली. डिओला त्यासाठी परिच्छेद लागला. आणि पुढे ही वस्तू आपल्याच हातून पूर्वेकडे गेली. थायलंडमध्ये आजही रविवार ‘आथित’ आहे, म्हणजे आदित्य, मंगळवार ‘अंगखान’, म्हणजे अंगारक, शनिवार ‘साव’. चीनमध्ये आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध भिक्षूने वारांचं ज्योतिष भाषांतरित केलं, आणि ते तिथून जपानला पोचलं.

घरातही वारांनी पाहुण्यासारखा पाट धरून बसून राहणं पत्करलं नाही. सोमवारी कोपिनेश्वरापुढे रांग लागते, शनिवारी मारुतीला तेल जातं. वार लावून जेवणाऱ्या गरीब मुलांच्या कित्येक पिढ्या या सात नावांवर शिकल्या. गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांनी रविवारची सुट्टी मिळवली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार हे कारणही पुढे केलं गेलं, असं सांगतात. इजिप्तमध्ये जुळलेला दिवस जेजुरीच्या देवाच्या नावाने मागून घ्यायचा, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. आता त्या सुट्टीचा उपयोग रेल्वे मेगाब्लॉकसाठी करते, तो भाग वेगळा.

अप्पांना मी हे सगळं परवा तलावपाळीवर फिरताना पुन्हा सांगितलं. यवनांचं त्यांनी अजून पुरतं मान्य केलेलं नाही. एरणच्या गुरुवारावर मात्र खूश झाले आणि द्वादशीचं गणित कसं करतात ते विचारून घेतलं. पाँपेईच्या भिंतीवरची यादी शनीपासून सुरू होते हे कळल्यावर थांबलेच. म्हणाले, “बरोबर आहे. होऱ्यांची रांगच शनीपासून, तर पहिला वार शनिवारच हवा. पण आपल्याकडे शनीला पहिला मान देऊन घरात कोण घेणार हो?”